करारातलं ‘व्हायरल’ नावाचं कलम

जाहिरात एजन्सीला दिल्या जाणाऱ्या ब्रीफमध्ये एक ओळ आता हमखास सापडते: ‘मोहीम व्हायरल झाली पाहिजे.’ कंपन्या ती लिहितात, सामाजिक संस्था लिहितात, लोकांच्या पैशावर चालणारी खातीही लिहितात. एजन्सी मान डोलावते, कारण नाही म्हटलं तर काम दुसरीकडे जातं. मोहीम संपली की सादरीकरणात इम्प्रेशन्सचा, म्हणजे मजकूर किती वेळा लोकांच्या पडद्यावर आला त्याचा, एक भलामोठा आकडा येतो आणि दोन्ही बाजू समाधानाने खुर्चीतून उठतात. त्या आकड्यातली किती माणसं पैसे मोजून आणली आणि किती माणसांना माणसांनी आणलं, हा प्रश्न कोणी काढत नाही.

माझं म्हणणं असं, की हा प्रश्न कराराच्या पहिल्या पानावर असायला हवा आणि ‘व्हायरल’ हा शब्द करारातून बाहेर जायला हवा. प्रसार होत नाही असं मी म्हणत नाही. होतो, कधी थक्क करणारा होतो. पण त्यातला जो भाग ठरवून घडवता येतो तो वेगळा आणि आपण ज्याची हमी मागतो तो वेगळा. हा फरक साध्या गुणाकाराने दाखवता येतो.

साथीच्या रोगामुळे ‘आर’ हा आकडा बहुतेकांच्या कानावरून गेलाय. एका बाधित माणसाकडून सरासरी किती जणांना लागण होते, तो आर. मोहिमेतही तोच हिशोब असतो. एक माणूस सरासरी किती जणांना बोलावतो, त्याला बोलावलेल्यांपैकी किती टक्के लोक खरोखर येऊन तीच कृती करतात त्याने गुणायचं. समजा प्रत्येक जण ५ जणांना लिंक पाठवतो आणि त्यातले १२ टक्के येतात. आर झाला ०.६. तुम्ही स्वतःच्या यादीतून, जाहिरातीतून, जिथून जमेल तिथून १०,००० माणसं पेरलीत. ती ६,००० आणतात, ते ६,००० जण ३,६०० आणतात, ते २,१६०. प्रत्येक पिढी आधीच्यापेक्षा लहान. सगळी बेरीज करत गेलं की एकूण २५,००० वर गाडी थांबते. सूत्र एका ओळीचं आहे: पेरलेली माणसं भागिले, एकातून आर वजा करून उरेल ते.

आता टक्केवारी १२ वरून १६ वर गेली असं धरा. आर ०.८ आणि एकूण माणसं ५०,०००. चार टक्क्यांनी आकडा दुप्पट झाला. १८ टक्के झाले तर आर ०.९ आणि माणसं १ लाख. १९ टक्के म्हणजे ०.९५ आणि २ लाख. २० टक्क्यांना आर १ होतो आणि तिथून पुढे सूत्र उत्तर देणं बंद करतं, कारण प्रत्येक पिढी आधीच्याइतकी किंवा त्याहून मोठी होत जाते. ‘व्हायरल’ या शब्दाला नेमका अर्थ द्यायचाच असेल तर तो हा: आर एकच्या वर जाणं. बाकी जे असतं तो प्रसार आहे, चांगलाही आहे, पण आपोआप पेटत जाणारा वणवा नाही.

‘मग आधी चाचणी घेऊ, आर मोजू आणि एकच्या वर दिसला की पैसे ओतू,’ असं कोणीही हुशार माणूस म्हणेल. अडचण तिथेच आहे. समजा तुम्ही ५०० आमंत्रणं पाठवून पाहिलीत आणि ९० जण आले, म्हणजे १८ टक्के. ५०० च्या नमुन्यात हा आकडा योगायोगानेच साडेतीन टक्के वर-खाली होऊ शकतो. म्हणजे खरं प्रमाण साधारण साडेचौदा ते साडेएकवीस टक्क्यांच्या मध्ये कुठेही असेल. पाचने गुणा: आर ०.७३ ते १.०७. पहिल्या टोकाला १०,००० पेरलेल्या माणसांमागे एकूण सुमारे ३७,००० मिळतात, दुसऱ्या टोकाला वणवा लागतो. एकाच चाचणीतून दोन्ही भविष्यं तितकीच खरी वाटतात. शिवाय ही चूक फक्त मोजणीची झाली. चाचणीतले पहिले ५०० जण हे तुमच्या ओळखीचे, उत्साही लोक असतात, पाचव्या पिढीतला माणूस तसा नसतो. त्यामुळे चाचणीतला आर बहुतेक वेळा फुगलेलाच निघतो.

एकच्या आसपास गणितच असं निसरडं आहे. एजन्सीतल्या माणसाची प्रतिभा कमी पडते म्हणून अंदाज चुकतो असं नाही.

प्रत्यक्षात काय दिसतं? शरद गोयल, डंकन वॉट्स आणि डॅनिअल गोल्डस्टीन यांनी २०१२ मध्ये सात वेगवेगळ्या ऑनलाइन ठिकाणचा प्रसार तपासला. बहुसंख्य साखळ्या अगदी छोट्या निघाल्या आणि सुरुवात करणाऱ्यापासून एका पायरीत संपल्या. कोणीतरी टाकलं, दोन-चार जणांनी घेतलं, खेळ खलास. ज्यांना आपण व्हायरल म्हणतो त्यातल्या अनेकांच्या मुळाशीही मोठा प्रक्षेपक असतो: एखादी वाहिनी, लाखो अनुयायी असलेलं खातं, मुखपृष्ठावरची बातमी. हजार जणांनी एकाच ठिकाणाहून घेणं आणि हजार जणांनी एकमेकांकडून घेणं, दोन्ही बाहेरून सारखंच दिसतं. पहिलं विकत घेता येतं, दुसरं नाही.

तरी खरे वणवे लागतात, आणि त्यातला सर्वांत चांगला नोंदलेला म्हणजे २०१४ च्या उन्हाळ्यातलं ‘आइस बकेट चॅलेंज’. ए.एल.एस. या स्नायू निकामी करत जाणाऱ्या मज्जासंस्थेच्या आजारासाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या ए.एल.एस. असोसिएशनला २९ जुलै ते २९ ऑगस्ट या एका महिन्यात १० कोटी डॉलरहून थोडे अधिक मिळाले. आदल्या वर्षी याच काळात २८ लाख डॉलर आले होते. फेसबुकच्या मोजणीनुसार १ कोटी ७० लाख व्हिडिओ टाकले गेले. हे का पेटलं हे पाहायचं तर भावना, करुणा वगैरे बाजूला ठेवून आधी त्याच्या यंत्राकडे पाहावं.

नियम इतकाच होता. तुमचं नाव घेतलं गेलं की २४ तासांच्या आत डोक्यावर बर्फाचं पाणी ओता किंवा १०० डॉलर द्या, आणि पुढच्या तिघांची नावं घ्या. बहुतेकांनी पाणीही ओतलं आणि जमतील तेवढे पैसेही दिले. या एका वाक्यात चार वेगवेगळे पुर्जे आहेत.

पहिला, तीन हा आकडा. ‘मित्रांना सांगा’ असं म्हटलं तर सरासरी माणूस कोणालाच सांगत नाही. इथे आमंत्रण हा कृतीचाच भाग आहे, नावं घेतल्याशिवाय व्हिडिओ पुराच होत नाही. त्यामुळे आर एकच्या वर जायला तिघांपैकी एकाहून थोड्या अधिकांनी होकार दिला की पुरतं. दुसरा, नाव घेऊन आणि सर्वांसमक्ष घेणं. खासगी संदेशाकडे दुर्लक्ष करता येतं, पण शंभर ओळखीच्यांसमोर पुकारलेलं नाव टाळायला कारण द्यावं लागतं. तिसरा, कृतीची किंमत. बादली, पाणी, बर्फ आणि फोन एवढंच लागतं, कौशल्य लागत नाही, आणि प्रत्येकाचा दचकलेला चेहरा वेगळा असल्यामुळे दहावा व्हिडिओही पाहवतो.

चौथा पुर्जा म्हणजे २४ तास, आणि माझ्या मते याच्याकडे सर्वांत कमी लक्ष गेलंय. समजा तिघांपैकी सरासरी दीड माणूस होकार देतो. पिढी एका दिवसात पालटत असेल तर तीन आठवड्यांत २१ पिढ्या होतात आणि एका माणसामागे शेवटच्या पिढीत जवळजवळ ५,००० माणसं उभी राहतात. तोच दीडचा आर, पण मुदत आठवड्याची ठेवली असती, तर त्याच तीन आठवड्यांत तीनच पिढ्या झाल्या असत्या आणि एकामागे साडेतीनही माणसं नसती. इतक्या संथ गोष्टीकडे ना बातमीदारांचं लक्ष जातं ना नामवंतांचं. होकाराचं प्रमाण दोन्हीकडे एकच आहे, फक्त मुदतीने सगळा फरक पाडला.

पण हे यंत्र कोणी कागदावर आखलं नव्हतं. गार पाण्याचं आव्हान त्याआधी काही महिने वेगवेगळ्या रूपांत फिरत होतं. जुलैच्या मध्यापर्यंत ते गोल्फ खेळाडूंमध्ये पोहोचलं होतं आणि प्रत्येक जण आपल्या पसंतीच्या संस्थेचं नाव घेत होता. त्यातल्या एकाने ए.एल.एस. निवडलं, तिथून साखळी हा आजार असलेल्या पॅट क्विन आणि पीट फ्रेट्स या दोघांपर्यंत गेली. फ्रेट्स बॉस्टन कॉलेजच्या बेसबॉल संघाचा माजी कर्णधार. त्याच्या ओळखी खेळाडूंच्या, एकमेकांना चांगलं ओळखणाऱ्या, आव्हान नाकारायला लाजणाऱ्या लोकांच्या. त्या काळात फेसबुकवर व्हिडिओ आपोआप सुरू होणंही नवं होतं. उत्तर गोलार्धात उन्हाळा होता, हेही विसरू नये. जानेवारीत हीच बादली किती जणांनी उचलली असती? संस्थेचं श्रेय हे, की आग लागलेली दिसताच तिने वारा घातला आणि देणगीचं पान सुरळीत चालू ठेवलं. आग तिने लावली नव्हती.

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये संस्थेने तेच आव्हान पुन्हा मांडलं. नियम तेच, कारण तेच, आणि आता नाव जगभर माहीत. रक्कम पहिल्या वर्षाच्या जवळपासही गेली नाही. लोक कंटाळले असं म्हणून हा विषय सोडून देतात, पण याचंही गणित आहे. होकाराचं प्रमाण निम्मं धरा. तुम्ही पुकारलेले तिघंही नवे असतील तर आर दीड. त्यातल्या एकाने आधीच बादली ओतली असेल तर नवे दोन उरतात आणि आर बरोबर एक. दोघांनी ओतली असेल तर अर्धा. माणसांच्या ओळखी वर्तुळात फिरतात, माझ्या मित्राचे मित्र बहुतांशी माझेच मित्र असतात, त्यामुळे ही अवस्था वाटते त्यापेक्षा फार लवकर येते. २०१५ मध्ये मोहीम सुरू झाली तीच या अवस्थेत. ज्यांना ओतायचं होतं त्यांनी ओतून झालं होतं. वणवा एकदा गेलेल्या रानात पुन्हा लागायला आधी गवत वाढावं लागतं.

‘यशस्वी मोहिमांचा अभ्यास करा, त्यांच्यातलं समान सूत्र काढा’ हा सल्ला मला म्हणूनच अर्धवट वाटतो. नाव पुकारणं, मुदत, तिघांची साखळी हे सगळं असलेली आव्हानं त्यानंतर कितीतरी आली आणि विरून गेली. ती आपल्याला आठवत नाहीत म्हणून ती अभ्यासात येत नाहीत. जिंकलेल्यांमध्ये जे दिसतं तेच हरलेल्यांमध्येही असेल, तर ते जिंकण्याचं कारण ठरत नाही.

भावनांबद्दलचं संशोधन तुलनेने प्रामाणिक आहे, कारण त्यात हरलेलेही मोजलेत. जोना बर्जर आणि कॅथरीन मिल्कमन यांनी न्यूयॉर्क टाइम्सचे तीन महिन्यांतले जवळजवळ ७,००० लेख घेतले आणि कोणते सर्वाधिक ई-मेल केल्या जाणाऱ्या लेखांच्या यादीत पोहोचले ते पाहिलं. विस्मय, संताप, चिंता अशा अंगात चळवळ आणणाऱ्या भावना असलेले लेख जास्त पाठवले गेले, मन खचवणारं दुःख असलेले कमी. हे उपयोगी आहे. मसुदा हातात असताना ‘हे वाचून माणूस उठून बसेल की मागे टेकेल’ एवढा प्रश्न त्यामुळे विचारता येतो. पण हा सरासरीचा निष्कर्ष आहे. संतापजनक लेखांची शक्यता थोडी वाढते एवढंच तो सांगतो. ‘आपला’ लेख जाईल की नाही याबद्दल तो मुका आहे.

नशिबाचा वाटा किती हे पाहायला एक प्रयोग झाला आहे, आणि तो प्रत्येक मार्केटिंग विभागाच्या भिंतीवर लावावा असा आहे. मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी २००६ मध्ये तो प्रसिद्ध केला. १४,००० हून अधिक लोक, अनोळखी बँडची ४८ गाणी. काही जणांनी इतरांची पसंती न पाहता गाणी ऐकली आणि डाउनलोड केली. बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या ‘जगांत’ विभागलं आणि प्रत्येकाला फक्त आपल्या जगातले डाउनलोडचे आकडे दिसू दिले. गाणी तीच, सुरुवात सगळीकडे शून्यावरून. तरी आठ जगांत आठ वेगळे विजेते-पराजित निघाले. स्वतंत्र गटात २६ व्या स्थानी असलेलं एक गाणं एका जगात पहिलं आलं आणि दुसऱ्या जगात चाळिसावं. फार चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत, फार वाईट वर आली नाहीत. मधल्या सगळ्यांचं काहीही होऊ शकत होतं.

बहुतेक मोहिमा मधल्याच असतात. त्यांच्या कर्त्यांना तसं वाटत नाही, तो भाग वेगळा.

आता गनिमी मार्केटिंगकडे येऊ. हा शब्द जे कॉनरॅड लेव्हिन्सन यांनी १९८४ मध्ये रूढ केला, तो ज्यांच्याकडे जाहिरातीला पैसा नाही अशा छोट्या व्यावसायिकांसाठी. पैशाऐवजी वेळ, कल्पकता आणि मेहनत घाला, असं त्यांचं म्हणणं. पुढे मोठ्या कंपन्यांनीच तो उचलला. रस्त्यावर काहीतरी विचित्र उभं करायचं, लोक फोटो काढतील, फोटो पसरतील, असा बेत. या बेतात गणिताची एक उघड गळती आहे. गल्लीच्या तोंडाशी दिवसभरात २,००० माणसं जातात असं धरा. दहातला एक थांबून फोटो टाकतो, म्हणजे पेरा २०० चा. आर ०.५ असला, जो चांगलाच म्हणायचा, तर एकूण ४००. एवढ्यासाठी क्रेन, परवाना, सहा माणसं आणि रात्रीचं जागरण? गनिमी काव्याचा पेरा मुळातच लहान असतो, त्यामुळे त्याला दुसरीकडून मोठा प्रक्षेपक मिळाला नाही तर तो कोपऱ्यावरच मरतो. अनुभवी लोक म्हणूनच वस्तू उभी करण्यापूर्वी तिचा फोटो कोण छापणार हे ठरवतात. वस्तू उभी राहायच्या आत चांगल्या उजेडातले फोटो आणि वीस-तीस सेकंदांची चित्रफीत बातमीदारांकडे जायला तयार असते, आणि फोटो कुठूनही कापला तरी नाव चौकटीत राहील अशा जागी ते लिहिलेलं असतं.

हा प्रक्षेपक भलत्याच कारणाने मिळाला तर काय होतं, ते ३१ जानेवारी २००७ ला बॉस्टनमध्ये दिसलं. टर्नर ब्रॉडकास्टिंगच्या एका कार्टून मालिकेच्या प्रचारासाठी दहा अमेरिकी शहरांत चुंबकाने चिकटणारे छोटे दिव्यांचे फलक लावले होते. काळा पृष्ठभाग, एल.ई.डी. दिव्यांनी काढलेलं एक पात्र, खाली उघड्या वायरी आणि बॅटऱ्यांची रांग. फलकावर मालिकेचं नाव नाही, वाहिनीचं नाव नाही, फोन नंबर नाही. कल्पना अशी, की ओळखणाऱ्याला ओळखू येईल आणि तोच पसरवेल. इतर शहरांत काही झालं नाही. बॉस्टनमध्ये एका प्रवाशाला पुलाखालचा फलक दिसला, पोलिसांना कळवलं गेलं, वायरी आणि बॅटऱ्या पाहून बॉम्बशोधक पथक आलं, आणि दिवसभर रस्ते, पूल आणि नदीतली वाहतूक बंद पडत गेली. फलक लावणाऱ्या दोघांना अटक झाली. टर्नर आणि तिची एजन्सी यांनी २० लाख डॉलर भरले, आणि वाहिनीच्या प्रमुखाला पद सोडावं लागलं.

प्रसाराच्या हिशोबाने ही मोहीम जबर यशस्वी होती, असं म्हणणारे तेव्हाही होते. मालिकेचं नाव त्या दिवशी देशभर पोहोचलं हे खरं. पण माणसं पसरवत होती ती बॉम्बच्या अफवेची बातमी. आणि तोच फलक दहा शहरांत, त्यातल्या एकातच स्फोटक ठरला, हे गाण्यांच्या आठ जगांसारखंच झालं. कोणतं शहर उलटेल हे आधी सांगता आलं नसतं. सांगता येण्यासारखं एवढंच होतं, की फलकाच्या मागे एक चिठ्ठी असती, ‘ही जाहिरात आहे, अमुक कंपनीची, या नंबरवर फोन करा, अमुक तारखेला काढली जाईल,’ आणि तीच माहिती आदल्या दिवशी शहराच्या पोलिसांकडे असती, तर पहिल्या फोनलाच प्रकरण संपलं असतं. गूढ कमी झालं असतं, हे मान्य. सार्वजनिक जागेत गूढाची किंमत त्या जागेतून जाणारे लोक भरतात, जाहिरातदार नाही. म्हणून ही चिठ्ठी ऐच्छिक ठेवू नये असं मला वाटतं.

मग पैसे कशावर लावायचे? वॉट्स आणि जोना पेरेट्टी यांनी २००७ मध्ये एक साधा मार्ग मांडला होता, आणि मला तो अजूनही सर्वांत शहाणा वाटतो. आर एकच्या खालीच राहणार असं गृहीत धरा, पेरा मोठा ठेवा आणि पाठवणं सोपं करा. त्यांच्याच उदाहरणांपैकी दोन शेजारी ठेवून पाहावीत. कतरिना वादळानंतर ऑक्सिजन या वाहिनीने मदतनिधीसाठी मोहीम केली. सुमारे ७,००० पेरलेल्या माणसांमागे आणखी साडेतेवीस हजार आली, आर ०.७७ च्या आसपास. दुसरीकडे टाइड या धुण्याच्या पावडरीची, थंड पाण्यात कपडे धुण्याबद्दलची मोहीम. पेरा ९ लाखांचा, आर फक्त ०.०४१. पावडरीबद्दल कोण कोणाला सांगतं? तरी त्या नगण्य आरमधून सुमारे ४०,००० जास्तीची माणसं मिळाली, म्हणजे वादळाच्या मोहिमेपेक्षाही अधिक. व्हायरलच्या व्याख्येने दोन्ही मोहिमा नापास होतात आणि दोन्ही उपयोगी पडल्या.

यातून खर्चाचा एक सोपा नियमही निघतो. आर ०.३ असेल तर पैसे देऊन आणलेल्या दर १०० माणसांमागे एकूण सुमारे १४३ मिळतात, म्हणजे दर माणशी खर्च ७० टक्क्यांवर येतो. आर जितका, तितकी सूट. ०.३ ते ०.५ ही सूट बऱ्यापैकी नियोजनाने मिळवता येते: पाठवण्याचं बटण काम झाल्यावर लगेच, त्याच पडद्यावर ठेवा, मजकूर आधीच भरून ठेवा, येणाऱ्याला नाव-नोंदणीआधी वस्तू पाहू द्या. पेराही एका मोठ्या नावावर लावण्यापेक्षा अनेक मध्यम नावांवर पसरवलेला बरा. ट्विटरवरच्या १६ लाख वापरकर्त्यांच्या २०११ च्या अभ्यासात दिसलं, की ज्यांच्या नोंदी पूर्वी पसरल्या त्यांच्या पुढेही सरासरीने जास्त पसरतात, पण अमुक एकाची अमुक नोंद पसरेल की नाही हे विश्वासाने सांगता येत नाही.

हे सगळं मोजल्याशिवाय बोलणं व्यर्थ आहे, आणि मोजणं अवघड नाही. येणाऱ्या प्रत्येक माणसाला स्वतःचा कोड द्यायचा आणि तो कोणाच्या कोडवरून आला ते नोंदवायचं. लिंक अशी दिसते:

```
example.org/join?ref=a7f3
```

`ref` रिकामा असलेले ते पेरलेले, शून्य पिढी. त्यांच्या कोडवरून आलेले पहिली, त्यांच्या कोडवरून आलेले दुसरी. पहिल्या पिढीतल्या माणसांच्या संख्येला शून्य पिढीतल्या संख्येने भागा, दुसरीतल्या संख्येला पहिलीतल्या. हे दोन भागाकार जवळपास सारखे आले तर तो खरा आर. दुसरा पहिल्यापेक्षा बराच कमी आला तर तुमचा प्रसार ओळखीच्या वर्तुळातच फिरतोय आणि तिसऱ्या पिढीची आशा सोडावी. चुका ठरलेल्या जागी होतात. पाहणाऱ्यांना येणाऱ्यांत धरलं जातं. पिढी पुरी व्हायच्या आत मोजलं जातं आणि आर खोटाच कमी दिसतो. स्क्रीनशॉट आणि हाताने टाइप केलेल्या पत्त्यांवरून आलेले बिनकोडाचे लोक पेऱ्यात मिसळतात आणि तिथेही आर कमी दिसतो, ‘कुठून कळलं?’ एवढा एक प्रश्न विचारून त्यांना वेगळं काढता येतं. उलट दिशेची चूक जास्त महागडी पडते: मोहीम चालू असताना मधेच जाहिरात सुरू केली आणि ती लिंक कोणाच्यातरी `ref` सह फिरली, तर विकत आणलेली माणसं आपोआप आल्यासारखी दिसतात. तासागणिक आलेख काढला की हे पकडता येतं. माणसांकडून माणसांकडे जाणारा प्रसार हळूहळू चढतो. पैशाने किंवा मोठ्या खात्याने आणलेला झटक्यात उभा राहतो आणि लगेच ढळतो.

तेव्हा ‘मोहीम व्हायरल झाली पाहिजे’ या ओळीच्या जागी तीन आकडे लिहावेत: पेरा किती माणसांचा आणि कुठून, अपेक्षित आर किती ते किती, आणि कितव्या दिवशी कोणती पिढी मोजणार. सोबत कच्ची नोंदवही, म्हणजे कोड आणि आणणाऱ्याचा कोड अशा दोन रकान्यांची यादी, काम देणाऱ्याच्या ताब्यात यावी. देणगीच्या किंवा करदात्यांच्या पैशावर चालणाऱ्या मोहिमांना तर हे सक्तीचं असावं, कारण तिथे फसलेल्या अंदाजाचा तोटा अंदाज करणाऱ्याच्या खिशातून जात नाही. आर कधी चुकून एकच्या वर गेलाच, तर त्या आठवड्यासाठी दोन गोष्टी आधीच तयार असाव्यात: नेहमीच्या शंभरपट लोक आले तरी न कोसळणारं पान, आणि रात्री दोन वाजता निर्णय घेऊ शकेल अशा एका माणसाचा फोन नंबर.